फाटलेलं चित्र आणि जड माउस

खेळात वेगाने मान वळवली की समोरचा विजेचा खांब मधोमध तुटल्यासारखा दिसतो. वरचा तुकडा जरा डावीकडे, खालचा जरा उजवीकडे, आणि दोन्हींच्या मध्ये एक आडवी सांध. क्षणभरात ती सांध दुसऱ्याच उंचीवर जाते, मग तिसऱ्या. कॉम्प्युटरवर खेळणाऱ्या पोरांना हे रोजचं आहे. याला ते स्क्रीन टेअरिंग म्हणतात आणि त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणून व्ही-सिंक चालू करतात. मग चित्र अखंड होतं, पण माउस चिखलातून ओढल्यासारखा वाटायला लागतो. शेवटी वैतागून व्ही-सिंक बंद होतो आणि फाटलेल्या चित्राची सवय करून घेतली जाते.

या दोन्हींतून सुटका आहे, आणि तिच्यासाठी लागणारं बहुतेक सामान आज साध्या मॉनिटरमध्येही आलेलं असतं. अडचण एवढीच की तीन वेगवेगळ्या सेटिंग्ज एकमेकींशी जुळवाव्या लागतात, आणि त्यातली एक जरी चुकली तरी बाकीच्या दोन कुचकामी वाटतात.

कोल्हापूरच्या माझ्या भाच्याचं नेमकं हेच झालं होतं. त्याने १४४ हर्ट्झचा नवा मॉनिटर घेतला, ॲडॅप्टिव्ह सिंक चालू केलं, आणि पुढच्याच सुट्टीत मला म्हणाला, "मामा, पैसे वाया गेले बघा. व्ही-सिंक लावला तर हात जड, काढला तर चित्र फाटतंय. मग हे सिंक कशाला दिलंय?" त्याच्या मशीनमध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं. काय चुकत होतं ते समजायला आधी चित्र का फाटतं ते पाहावं लागेल.

मॉनिटर अख्खं चित्र एका दमात दाखवत नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करून तो ओळीमागून ओळ खाली रंगवत जातो, तळाला पोचला की पुन्हा वरून सुरू. १४४ हर्ट्झचा मॉनिटर हे सेकंदाला १४४ वेळा करतो, म्हणजे एका फेरीला साधारण ६.९ मिलिसेकंद. दुसरीकडे ग्राफिक्स कार्ड आपल्या गतीने चित्रं म्हणजे फ्रेम तयार करत असतं. सोप्या दृश्याला चार मिलिसेकंद, धुराच्या लोटाला दहा. त्याला मॉनिटर कुठल्या ओळीवर आहे याचं देणंघेणं नसतं. समजा मॉनिटर फेरी सुरू करून साडेतीन मिलिसेकंद झाले, तो निम्म्या उंचीवर आहे, आणि तेवढ्यात नवी फ्रेम आली. आता वरचा अर्धा भाग जुन्या फ्रेमचा आणि खालचा नव्या फ्रेमचा. खेळाडू मान वळवत असेल आणि दृश्य सेकंदाला ४००० पिक्सेल या वेगाने सरकत असेल, तर पाच मिलिसेकंदांच्या अंतराने तयार झालेल्या दोन फ्रेममध्ये खांब २० पिक्सेल सरकलेला असतो. ती २० पिक्सेलची फट म्हणजे आपल्याला दिसणारी सांध. शांत उभं राहिलं तर दोन्ही फ्रेम सारख्याच असतात, म्हणून तेव्हा काही जाणवत नाही.

व्ही-सिंकचा नियम सरळ आहे. मॉनिटर तळाला पोचून पुन्हा वर येईपर्यंत नवी फ्रेम द्यायची नाही. त्यामुळे चित्र फाटणं बंद होतं, यात शंका नाही. पण कार्ड मॉनिटरपेक्षा वेगवान असेल तर तयार फ्रेम दारात ताटकळत बसते. तिच्यामागे दुसरी तयार होते, तिसरीचं काम सुरू होतं. विंडोजमध्ये डायरेक्टएक्सवर चालणाऱ्या खेळाला, वेगळं काही सांगितलं नसेल तर, तीन फ्रेमपर्यंत अशी रांग लावायची मुभा असते. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर तीन फेऱ्या म्हणजे ५० मिलिसेकंद. तुम्ही आत्ता माउस हलवला, ती हालचाल ज्या फ्रेममध्ये उमटली ती रांगेच्या शेवटी उभी आहे, आणि पडद्यावर दिसतंय ते तुमच्या हाताचं जुनं चित्र. हाताला जडपणा जाणवतो तो याचा. १४४ हर्ट्झवर हीच रांग २१ मिलिसेकंदांची होते. जडपणा कमी होतो, जात नाही.

कार्ड हळू असेल तर वेगळं दुखणं. ६० हर्ट्झवर फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवी. तिला १८ लागले तर ती फेरी चुकते आणि पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागतं. साध्या, दोनच फ्रेमची जागा राखणाऱ्या व्ही-सिंकमध्ये ५५ फ्रेम देऊ शकणारं कार्ड अशा वेळी सरळ ३० वर येतं. त्या धक्क्यांनी डोळे दुखतात.

ॲडॅप्टिव्ह सिंकने हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. कार्डाला मॉनिटरसाठी थांबवण्याऐवजी मॉनिटरलाच कार्डासाठी थांबायला लावलं. व्ही-सिंक म्हणजे वेळापत्रकावर सुटणारी एसटी, एक मिनिट उशीर झाला तर पुढच्या गाडीपर्यंत स्टँडवर बसा. ॲडॅप्टिव्ह सिंक म्हणजे वडाप, शिटं आली की गाडी सुटली. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०१३ मध्ये जी-सिंक या नावाने हे जाहीर केलं, त्यासाठी मॉनिटरमध्ये त्यांचा खास इलेक्ट्रॉनिक भाग बसवावा लागे आणि किंमत चांगलीच चढे. पुढच्याच वर्षी व्हेसा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने हीच सोय ॲडॅप्टिव्ह-सिंक म्हणून डिस्प्लेपोर्ट १.२ए मध्ये घातली, आणि तिच्यावर बेतलेले एएमडीच्या फ्रीसिंकचे मॉनिटर २०१५ मध्ये बाजारात आले. जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियानेही आपल्या ड्रायव्हरमधून अशा मॉनिटरांना दार उघडलं. तेव्हापासून साध्या किमतीच्या मॉनिटरवर, कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी, ही सोय मिळू लागली.

यातली एक बारीक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, पण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. खेळ सेकंदाला ६० फ्रेम देत असला तरी १४४ हर्ट्झचा ॲडॅप्टिव्ह सिंक मॉनिटर प्रत्येक फ्रेम ६.९ मिलिसेकंदांतच रंगवतो. रंगवून झाल्यावर पुढची फ्रेम येईपर्यंत तो फक्त थांबून राहतो. म्हणजे लांबतो तो दोन फेऱ्यांमधला विसावा, रंगवायचा वेग तोच राहतो. मॉनिटर हवा तेवढा थांबू शकतो, पण ६.९ मिलिसेकंदांपेक्षा लवकर पुढची फेरी सुरू करू शकत नाही. ही त्याची वरची हद्द. थांबण्यालाही मर्यादा असते, कारण फार वेळ ताजं न केलेलं चित्र पॅनेलवर टिकत नाही. ही खालची हद्द. मॉनिटरच्या माहितीपत्रकात ४८–१४४ हर्ट्झ असं लिहिलेलं असतं ते हेच. या दोन आकड्यांच्या मध्ये फ्रेम पडत असतील तोवर चित्रही फाटत नाही आणि रांगही लागत नाही.

भाच्याची गडबड वरच्या हद्दीवर होती. तो खेळत होता काउंटर-स्ट्राइक २, आणि त्याचं कार्ड त्यात सहज २०० च्या वर फ्रेम देत होतं. १४४ च्या मॉनिटरला २०० फ्रेम मिळाल्या की ॲडॅप्टिव्ह सिंकच्या हातात काही उरत नाही, कारण थांबायची गरजच पडत नाही, उलट फ्रेमच आधी येऊन उभी असते. अशा वेळी व्ही-सिंक बंद असेल तर फ्रेम मधेच घुसते आणि चित्र फाटतं. चालू असेल तर जुना व्ही-सिंक आपल्या रांगेसकट परत येतो. त्याने दोन्ही करून पाहिलं, दोन्ही वेळा त्याला खरंच जे दिसायचं तेच दिसलं, आणि निष्कर्ष मात्र मॉनिटरवर काढला. ॲडॅप्टिव्ह सिंक त्या खेळात एक क्षणही कामाला लागलेलं नव्हतं.

म्हणून तिसरी सेटिंग लागते. तिला फ्रेम कॅप किंवा फ्रेम लिमिट म्हणतात, म्हणजे सेकंदाला अमुक फ्रेमपेक्षा जास्त बनवू नकोस असं खेळाला बजावणं. १४४ हर्ट्झला १४४ चीच मर्यादा घालावी असं पटकन मनात येतं, आणि तिथेच बरेच जण फसतात. फ्रेमचा दर ही सरासरी असते. मर्यादा घातली तरी प्रत्येक फ्रेम घड्याळ लावून येत नाही, एखादी किंचित लवकर तर एखादी किंचित उशिरा. मर्यादा हद्दीला टेकलेली असेल तर जवळजवळ निम्म्या फ्रेम हद्दीच्या पलीकडे जातात, आणि व्ही-सिंकची रांग पुन्हा भरू लागते. हद्द आणि मर्यादा यांच्यात थोडी मोकळी जागा हवी.

ती किती हवी याचं एक साधं उत्तर बरीच वर्षं चालत आलं आहे. मॉनिटरांच्या चाचण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ब्लर बस्टर्स या संकेतस्थळाने २०१७ मध्ये जी-सिंकची सविस्तर तपासणी केली आणि हद्दीच्या किमान ३ फ्रेम खाली मर्यादा ठेवा असं सांगितलं. त्यातला 'किमान' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण तीन फ्रेम म्हणजे किती वेळ हे मॉनिटरगणिक बदलतं. १४४ ऐवजी १४१ ठेवले तर एका फ्रेममागे ०.१५ मिलिसेकंदाची मोकळीक मिळते. २४० ऐवजी २३७ ठेवले तर तीच मोकळीक ०.०५ मिलिसेकंदावर येते, आणि एवढी फट खेळाच्या नेहमीच्या चढउतारात सहज बुजते. त्यामुळे जास्त हर्ट्झच्या मॉनिटरला जास्त फ्रेम खाली यावं लागतं. त्यासाठी खेळाडूंमध्ये एक सूत्र रूढ आहे, आणि मला तेच वापरायला आवडतं, कारण कुठल्याही मॉनिटरवर मोकळीक सारखीच, साधारण ०.३ मिलिसेकंद राहते.

```
cap = Hz - (Hz * Hz / 3600)
```

याप्रमाणे ६० हर्ट्झला ५९, ७५ ला ७३, १२० ला ११६, १४४ ला १३८, १६५ ला १५७ आणि २४० ला २२४. एनव्हिडियाचं रिफ्लेक्स चालू असेल तर ते स्वतःहून जी मर्यादा लावतं तीही याच आकड्यांच्या आसपास असते. १४४ वरून १३८ वर आल्याने आपण गमावतो ते एका फ्रेममागे ०.३ मिलिसेकंद, आणि त्या बदल्यात २१ मिलिसेकंदांची रांग टळते.

आता प्रश्न उरतो की मर्यादा घातल्यावर व्ही-सिंकचं काम काय. खेळाडूंच्या जगात व्ही-सिंक इतका बदनाम आहे की त्याचं नाव काढलं तरी पोरं नाक मुरडतात. पण मर्यादेखालचा व्ही-सिंक आणि रांग लावणारा व्ही-सिंक यांच्या वागण्यात मोठा फरक आहे. १३८ ची मर्यादा म्हणजे सरासरी ७.२ मिलिसेकंदांची एक फ्रेम. प्रत्यक्षात त्या ७.१, ७.४, ७.३ अशा येतात आणि मधेच एखादी ६.८ ला येऊन धडकते. त्या वेळी मॉनिटरचं ६.९ मिलिसेकंदांचं रंगवणं पुरतं संपलेलं नसतं, तळाच्या काही ओळी बाकी असतात. व्ही-सिंक बंद असेल तर ही फ्रेम तशीच घुसते आणि पडद्याच्या अगदी तळाशी एक बारीक सांध चमकून जाते. चालू असेल तर तो त्या एका फ्रेमला ०.१ मिलिसेकंद थोपवतो आणि सोडून देतो. पुढची फ्रेम पुन्हा आपल्या वेळेला येते, त्यामुळे रांग धरतच नाही. ॲडॅप्टिव्ह सिंक चालू करूनही तळाशी अधूनमधून फाटलेलं दिसतं अशी जी तक्रार ऐकू येते, तिचं कारण बहुतेकदा हेच असतं.

तिघांची कामं अशी वेगवेगळी आहेत. हद्दींच्या आत ॲडॅप्टिव्ह सिंक, वरच्या हद्दीपासून लांब ठेवायला मर्यादा, आणि चुकून लवकर आलेल्या एखाद्या फ्रेमसाठी व्ही-सिंक. "व्ही-सिंक नेहमी बंद ठेवा" हा सल्ला ॲडॅप्टिव्ह सिंक नसलेल्या मॉनिटरच्या काळातला आहे आणि आता तो डोळे झाकून पाळू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्ष जुळणी करताना मी मॉनिटरपासून सुरुवात करतो. बऱ्याच मॉनिटरमध्ये ही सोय कारखान्यातून बंद असते. मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांनी मेनू उघडून Adaptive Sync किंवा FreeSync ही ओळ चालू करावी लागते. केबल शक्यतो डिस्प्लेपोर्टची असावी, कारण जुन्या एचडीएमआयवरून एनव्हिडियाच्या कार्डाला बऱ्याच फ्रीसिंक मॉनिटरांवर ही सोय मिळत नाही. मग विंडोजच्या Settings मध्ये System, Display, Advanced display इथे जाऊन मॉनिटर खरोखर १४४ हर्ट्झवर चालतोय का ते बघायचं. १४४ चा मॉनिटर विकत घेऊन महिनोन्‌महिने ६० वर चालवणारे लोक थोडेथोडके नाहीत, कारण नवा मॉनिटर जोडल्यावर विंडोज आपणहून वरचा दर निवडेलच असं नाही.

त्यानंतर एनव्हिडियाच्या Control Panel मध्ये Set up G-SYNC इथे जी-सिंक चालू करायचं आणि Manage 3D settings मध्ये Vertical sync ला On करायचं. खेळाच्या आतला व्ही-सिंक मात्र बंद ठेवायचा, कारण काही खेळ त्याच्याबरोबर आपली वेगळीच रांग किंवा मर्यादा लावतात. एएमडीच्या कार्डावर ड्रायव्हरमध्ये FreeSync चालू करून खेळातलाच व्ही-सिंक वापरणं सोपं पडतं.

राहिली मर्यादा. ती तीन ठिकाणी घालता येते आणि तिन्हींची किंमत सारखी नाही. खेळाच्या स्वतःच्या सेटिंगमधली मर्यादा सगळ्यात चांगली, कारण खेळ आधी थांबतो आणि मग माउसची स्थिती वाचतो, त्यामुळे फ्रेममध्ये उमटणारी हालचाल ताजी असते. ड्रायव्हरमधली Max Frame Rate ही सोय किंवा आरटीएसएस हे मोफत साधन बाहेरून थोपवतं. तोवर हालचाल वाचून झालेली असते, आणि त्यात एका फ्रेमइतका उशीर वाढू शकतो. बदल्यात आरटीएसएसच्या फ्रेम जास्त एकसारख्या येतात. मी आधी खेळातली मर्यादा वापरतो आणि ती नसेल किंवा अगदीच धसमुसळी असेल तरच बाहेरची. दोन ठिकाणी एकदम मर्यादा घालू नये, त्या एकमेकींच्या पायात येतात आणि चित्र गचके खातं. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये कन्सोल उघडून एवढंच लिहावं लागतं.

```
fps_max 138
```

भाच्याच्या मशीनवर हे करून झाल्यावर मी त्याला खेळातल्या एका दाराच्या चौकटीसमोर उभं राहायला सांगितलं आणि माउस भराभर डावी-उजवीकडे फिरवायला लावला. उभी सरळ कड ही टेअरिंग पकडायची सगळ्यात चांगली जागा. दरवाजा, खांब, इमारतीचा कोपरा, काहीही चालतं. कड अखंड राहिली. मग मॉनिटरच्या मेनूतून त्याचा चालू दर दाखवणारा आकडा पडद्यावर आणला. तो १३८ च्या आसपास एकदोनने हलत होता. ही खरी खूण. हा आकडा १४४ वर ठोकल्यासारखा स्थिर असेल तर ॲडॅप्टिव्ह सिंक कामाला लागलेलं नाही, असं समजावं आणि मर्यादा, केबल, मॉनिटरचा मेनू या क्रमाने पुन्हा तपासावं. ज्या मॉनिटरवर असा आकडा नाही तिथे एनव्हिडियाच्या Control Panel मधल्या Display या मेनूत जी-सिंकचा दर्शक चालू करता येतो.

यानंतर तो दुसरा, जड खेळ घेऊन बसला, आणि थोड्या वेळाने म्हणाला की चित्र छान आहे पण हात परत जड वाटतोय. इथे कारण निराळं. या खेळात त्याच्या कार्डाला ९० फ्रेमच झेपत होत्या, म्हणजे १३८ च्या मर्यादेला स्पर्शही होत नव्हता. पण कार्ड ९९ टक्के कामात बुडालेलं होतं. प्रोसेसर फ्रेमचं आपलं काम भराभर उरकून कार्डाच्या दारात नेऊन ठेवत होता आणि कार्ड मागे पडत होतं. रांग इथेही लागतेच, मॉनिटरच्या दारात न लागता कार्डाच्या दारात. ॲडॅप्टिव्ह सिंक किंवा व्ही-सिंकचा तिच्याशी संबंध नाही. खेळात एनव्हिडियाचं रिफ्लेक्स असेल तर ते चालू करावं, कारण प्रोसेसरला नेमका आवरून ही रांग मोडायलाच ते बनवलेलं आहे. एएमडीच्या ड्रायव्हरमधलं अँटी-लॅगही याच कामाचं. दोन्ही नसेल तर कार्डाला बिनघोर पेलवेल अशी खालची मर्यादा घालावी. त्याच्या बाबतीत ८० ठेवल्यावर कार्डाचं काम नव्वद टक्क्यांच्या आत आलं आणि माउस मोकळा झाला. दहा फ्रेम कमी करून हात हलका होतो हे पोरांना पटवून सांगावं लागतं, पण एकदा करून पाहिलं की ती परत वर जात नाहीत.

खालच्या हद्दीची गोष्ट स्वस्त मॉनिटर घेणाऱ्यांसाठी विशेष महत्त्वाची आहे. ४८–१४४ च्या मॉनिटरवर खेळ ४० फ्रेमवर घसरला तर ड्रायव्हर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवतो, मॉनिटर ८० हर्ट्झवर चालतो आणि आपल्याला काही कळत नाही. यासाठी वरची हद्द खालच्या हद्दीच्या निदान दुप्पट असावी लागते. आपल्याकडे घराघरांत असलेल्या ७५ हर्ट्झच्या मॉनिटरांची श्रेणी बऱ्याचदा ४८–७५ असते. ४७ फ्रेम दुप्पट केल्या तर ९४ होतात, आणि ते ७५ च्या पलीकडे. त्यामुळे ४८ च्या खाली गेलं की सोय सुटते आणि गचके किंवा फाटलेलं चित्र परत येतं. अशा मॉनिटरवर ७३ ची मर्यादा घालावी आणि सावल्या, प्रतिबिंबं यांचा दर्जा उतरवून फ्रेम ५० च्या वर राहतील असं बघावं. नवा मॉनिटर घेताना हर्ट्झच्या मोठ्या आकड्याबरोबर ही श्रेणी जरूर विचारावी.

काही पॅनेलवर, विशेषतः व्हीए आणि ओलेड प्रकारांत, दर झपाट्याने वरखाली झाला की अंधाऱ्या दृश्यात किंवा खेळाच्या मेनूत उजेड लुकलुकल्यासारखा दिसतो. तो पॅनेलचा स्वभाव आहे, सेटिंग चुकलेलं नसतं. फ्रेमचा दर जितका स्थिर तितकं लुकलुकणं कमी, म्हणून इथेही थोडी खालची मर्यादा कामाला येते.

ज्यांच्या मॉनिटरमध्ये ॲडॅप्टिव्ह सिंक अजिबात नाही, त्यांनाही रांग टाळता येते, थोडी खटपट करून. मॉनिटरचा नेमका दर दशांशापर्यंत मोजायचा, बरेचसे ६० हर्ट्झचे मॉनिटर खरं तर ५९.९ च्या आसपास चालतात. मग व्ही-सिंक चालू ठेवून आरटीएसएसमध्ये त्या दराच्या ०.०१ खाली मर्यादा घालायची. फ्रेम मॉनिटरपेक्षा केसभर हळू येतात, त्यामुळे रांग भरत नाही, आणि साधारण शंभर सेकंदांतून एकदा एखादी फ्रेम दोनदा दिसते. मात्र कार्डाला तो दर न चुकता पेलवला पाहिजे. एखादं जड दृश्य आलं आणि वेळ चुकली की धक्का बसतोच.

स्पर्धेसाठी खेळणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. व्ही-सिंक बंद, मर्यादा नाही आणि ३०० फ्रेम अशा मांडणीत एक फ्रेम ३.३ मिलिसेकंदांत होते, १३८ च्या मर्यादेत ७.२ मध्ये. हा काही मिलिसेकंदांचा फायदा खरा आहे, आणि ज्याचं बक्षीस त्यावर ठरतं त्याने फाटलेलं चित्र पत्करलं तर ते समजण्यासारखं आहे. २४० किंवा ३६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ही तफावतही आटत जाते. बाकी घरी खेळणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती एवढीच की आज संध्याकाळी खेळ उघडण्याआधी विंडोजमध्ये आपल्या मॉनिटरचा दर पाहा, वरच्या सूत्रात घाला, आणि येईल तो आकडा खेळाच्या मर्यादेत लिहून व्ही-सिंक ड्रायव्हरमधून चालू ठेवा.